ट्रान्झिस्टर: स्विच, ॲम्प्लिफायर आणि बीटा – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेच्या प्रकल्पापासून पदवीच्या पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलपर्यंत ट्रान्झिस्टरबद्दल जे प्रश्न सारखे येत राहतात, ते इथे एकत्र केले आहेत. सगळी उदाहरणं एनपीएन जातीच्या बीसी५४७ वर आहेत. पीएनपी असेल तर करंटच्या आणि व्होल्टेजच्या दिशा उलट धरा. हिशेब तोच राहतो.

१. एकच ट्रान्झिस्टर स्विचही होतो आणि ॲम्प्लिफायरही. मग आत काही वेगळं असतं का?

काहीही वेगळं नसतं. तोच तुकडा, तेच तीन पाय. बेसला किती करंट द्यायचा हे आपण ठरवतो आणि त्यावरून तो कसा वागेल हे ठरतं. बेसला काहीच दिलं नाही तर कलेक्टरकडून एमिटरकडे करंट जात नाही, म्हणजे स्विच बंद. भरपूर दिलं तर वाट पूर्ण मोकळी, म्हणजे स्विच चालू. या दोन टोकांच्या मधल्या पट्ट्यात कलेक्टरचा करंट बेसच्या करंटच्या प्रमाणात कमीजास्त होतो, आणि ॲम्प्लिफायर याच पट्ट्यात काम करतो. पाण्याच्या नळाची उपमा इथपर्यंत ठीक आहे. तिच्यावर याहून जास्त भार टाकू नका. आकड्यांत हे कसं दिसतं ते प्रश्न ४ मध्ये आहे.

२. बीटा म्हणजे नेमकं काय? आणि 'कॉमन एमिटर' कशाला म्हणायचं?

कलेक्टरच्या करंटला बेसच्या करंटने भागलं की बीटा मिळतो.

```
β = I_C / I_B
I_E = I_C + I_B
```

बेसमध्ये २० मायक्रोॲम्पिअर जात असताना कलेक्टरमध्ये ४ मिलिॲम्पिअर जात असतील, तर बीटा २००. हे गुणोत्तर आहे, त्यामुळे त्याला एकक नाही. इनपुट बेस आणि एमिटरच्या मध्ये देतो, आउटपुट कलेक्टर आणि एमिटरच्या मध्ये घेतो. एमिटर दोन्हीकडे सामाईक आहे, म्हणून कॉमन एमिटर.

ट्रान्झिस्टर नवा करंट 'तयार' करतो का, असंही बरेच जण विचारतात. नाही. कलेक्टरचा सगळा करंट बॅटरीतूनच येतो, बेस फक्त तो किती जाऊ द्यायचा हे ठरवतो. एमिटरमधून निघालेले इलेक्ट्रॉन बेसच्या थरात शिरतात. हा थर फार पातळ असतो आणि त्यात अशुद्धीचं प्रमाणही एमिटरपेक्षा बरंच कमी ठेवलेलं असतं. त्यामुळे बहुतेक इलेक्ट्रॉन बेसमध्ये न अडकता पलीकडे कलेक्टरमध्ये ओढले जातात. बीटा १०० असेल तर एमिटरमधून निघालेल्या १०१ भागांपैकी १०० भाग कलेक्टरला पोचतात आणि एक भाग बेसच्या पायातून पुरवावा लागतो. या एका भागावर ताबा ठेवला की उरलेल्या शंभरांवर ताबा राहतो.

३. पुस्तकात अल्फाही दिलाय. दोन्ही पाठ करायचे का?

एक समजला की दुसरा काढता येतो. अल्फा म्हणजे कलेक्टरचा करंट भागिले एमिटरचा करंट, म्हणून तो नेहमी १ पेक्षा थोडा कमी असतो.

```
β = α / (1 − α)
```

अल्फा ०.९९ असेल तर बीटा ९९, आणि ०.९९५ असेल तर बीटा १९९. अल्फात अर्धा टक्का फरक पडला की बीटा दुप्पट! बेसच्या थराच्या जाडीत कारखान्यात नखाएवढाही नव्हे, त्याच्याहून किती तरी सूक्ष्म फरक पडला तरी बीटा बदलतो, त्याचं मूळ या सूत्रात आहे. पुढचे बरेच प्रश्न इथूनच निघतात.

४. बंद, मधला आणि चालू, या तिन्ही अवस्था एकाच सर्किटमध्ये दाखवाल का?

९ व्होल्टची बॅटरी घ्या. तिचं धन टोक १ किलोओहमच्या रेझिस्टरमधून कलेक्टरला जोडा, एमिटर ऋण टोकाला. या ट्रान्झिस्टरचा बीटा २०० आहे असं धरू. आता बेसचा करंट हळूहळू वाढवत कलेक्टरवरचं व्होल्टेज बघत जाऊ.

| बेसचा करंट (मायक्रोॲम्पिअर) | कलेक्टरचा करंट (मिलिॲम्पिअर) | कलेक्टरवर (व्होल्ट) |
|---|---|---|
| ० | ० | ९ |
| १० | २ | ७ |
| २० | ४ | ५ |
| ४० | ८ | १ |
| ६० | सुमारे ८.८ | सुमारे ०.२ |
| १०० | सुमारे ८.८ | सुमारे ०.२ |

४० पर्यंत सगळं सरळ रेषेत चाललंय. बेसमध्ये १० मायक्रोॲम्पिअर वाढले की कलेक्टरमध्ये २ मिलिॲम्पिअर वाढतात, आणि त्याच वेळी कलेक्टरचं व्होल्टेज २ व्होल्टने उतरतं. ६० ला गणिताप्रमाणे १२ मिलिॲम्पिअर यायला हवेत. पण १ किलोओहममधून ९ व्होल्टची बॅटरी ९ मिलिॲम्पिअरपेक्षा जास्त देऊच शकत नाही. ट्रान्झिस्टरने कितीही वाट मोकळी केली तरी रेझिस्टर मध्ये बसलेलाच आहे. या अवस्थेला सॅच्युरेशन किंवा संपृक्त अवस्था म्हणतात.

मीटरवर ओळखायचं असेल तर कलेक्टर आणि एमिटरमधलं व्होल्टेज मोजा. ते पुरवठ्याएवढं असेल तर ट्रान्झिस्टर बंद, ०.२ च्या आसपास असेल तर संपृक्त, मध्ये कुठे असेल तर ॲक्टिव्ह अवस्थेत. प्रॅक्टिकलला काही चालेना झालं की सगळ्यात आधी हेच एक माप घ्यावं.

५. सॅच्युरेशनमध्ये I_C भागिले I_B केलं तर ८८ येतं. मग बीटा कमी झाला का?

वरच्या तक्त्याच्या शेवटच्या ओळीत ८.८ मिलिॲम्पिअरला १०० मायक्रोॲम्पिअरने भागलं तर ८८ येतं, खरं आहे. पण याला ट्रान्झिस्टरचा बीटा म्हणत नाहीत. I_C = β × I_B हे नातं फक्त ॲक्टिव्ह अवस्थेत लागू पडतं. संपृक्त अवस्थेत कलेक्टरचा करंट लोड आणि बॅटरी ठरवतात आणि बेसचा जास्तीचा करंट नुसता वर उरतो. परीक्षेत गणित आलं की आधी बीटा वापरून कलेक्टरचा करंट काढा, मग तो लोडमधून जाऊ शकतो का ते तपासा. जाऊ शकत नसेल तर बीटा बाजूला ठेवा आणि लोडवरून करंट काढा. ही दुसरी पायरी गाळल्यामुळे कलेक्टरवर उणे ३ व्होल्ट असं उत्तर लिहिलेले पेपर दरवर्षी दिसतात.

६. स्विचसाठी बेसचा रेझिस्टर किती घ्यायचा?

एक खरं उदाहरण घेऊ. १२ व्होल्टचा रिले आहे, त्याच्या कॉइलचा रोध ४०० ओहम. म्हणजे त्याला ३० मिलिॲम्पिअर लागतात. बीसी५४७ ची कमाल मर्यादा १०० मिलिॲम्पिअर आहे, तेव्हा चालेल. मायक्रोकंट्रोलरच्या पिनवर ५ व्होल्ट मिळतात.

बीटा २०० धरून बेसला ०.१५ मिलिॲम्पिअर पुरतील असा हिशेब करायचा मोह होतो. तो टाळा. स्विचसाठी बीटा विसरून जायचं आणि कलेक्टरच्या करंटचा विसावा किंवा दहावा भाग बेसला द्यायचा. बीसी५४७ च्या डेटाशीटमध्ये सॅच्युरेशनचं व्होल्टेजसुद्धा २० पट धरूनच मोजलेलं असतं.

```
I_B = 30 mA / 20 = 1.5 mA
R_B = (5 V − 0.7 V) / 1.5 mA ≈ 2.87 kΩ
```

बाजारात मिळणारा जवळचा रेझिस्टर २.७ किलोओहम. त्यातून १.६ मिलिॲम्पिअर जातात, झालं काम. ०.७ व्होल्ट वजा केले कारण बेस-एमिटर हा एक डायोड आहे आणि चालू असताना त्याच्यावर साधारण तेवढं व्होल्टेज पडतं. याच कारणासाठी बेसला ५ व्होल्ट थेट लावायचे नाहीत. रेझिस्टर नसेल तर तो डायोड जमेल तेवढा करंट ओढतो, आणि ट्रान्झिस्टर किंवा पिन यांपैकी एकाचा बळी जातो.

रिले असेल तर कॉइलला समांतर एक डायोड लावा, त्याचा कॅथोड पुरवठ्याच्या धन टोकाकडे. करंट अचानक तुटला की कॉइल उलट दिशेने मोठं व्होल्टेज उभं करते. ते बीसी५४७ च्या ४५ व्होल्टच्या मर्यादेपलीकडे सहज जातं. डायोड नसेल तर काही वेळा सगळं नीट चालतं आणि मग एक दिवस ट्रान्झिस्टर कायमचा चालूच राहतो.

७. तेच सर्किट, तेच रेझिस्टर. मित्राचा रिले खटकन लागतो, माझा लागत नाही. का?

असा प्रश्न आला की बेसचा रेझिस्टर बहुधा फार मोठा निघतो. प्रश्न ६ मधल्या सर्किटमध्ये २.७ ऐवजी ४७ किलोओहम लावलाय असं समजा. बेसला ९१ मायक्रोॲम्पिअर मिळतील. मित्राकडच्या ट्रान्झिस्टरचा बीटा ५०० असेल तर तो ४५ मिलिॲम्पिअरपर्यंत जाऊ देऊ शकतो, रिलेला तीसच हवेत, त्यामुळे तो संपृक्त होतो. तुमचा बीटा २०० असेल तर कॉइलमधून जेमतेम १८ मिलिॲम्पिअर जातात, कॉइलवर ७.३ व्होल्ट पडतात आणि उरलेले ४.७ व्होल्ट ट्रान्झिस्टरवर. रिले लागला तर लागला!

दोघांच्याही ट्रान्झिस्टरवर बीसी५४७ असंच छापलेलं असतं. नावापुढचं अक्षर मात्र बघा. २ मिलिॲम्पिअरला मोजलेला बीटा ए गटात ११० ते २२०, बी गटात २०० ते ४५०, सी गटात ४२० ते ८०० असतो.

अशा अर्धवट उघड्या अवस्थेत ट्रान्झिस्टर तापतोही. पूर्ण चालू असताना त्याच्यावर ०.२ व्होल्ट आणि ३० मिलिॲम्पिअर, म्हणजे ६ मिलिवॉट. अर्धवट असताना ४.७ व्होल्ट आणि १८ मिलिॲम्पिअर, म्हणजे ८५ मिलिवॉट. बीसी५४७ हे सोसतो, पण मोटरसारख्या मोठ्या लोडवर हीच चूक मोठ्या ट्रान्झिस्टरला भाजून काढते.

८. लोड कलेक्टरऐवजी एमिटरच्या बाजूला लावला तर चालेल का?

एलईडीच्या छोट्या प्रयोगात चालल्यासारखं वाटतं, १२ व्होल्टच्या रिलेला चालत नाही. लोड एमिटर आणि ग्राउंडच्या मध्ये असेल तर लोडमधून करंट जाताच एमिटर वर चढतो. पण बेस चालू राहायला एमिटर त्याच्याहून ०.७ व्होल्ट खालीच हवा. बेसला ५ व्होल्ट दिले तर एमिटर ४.३ च्या वर जाणार नाही, मागे पुरवठा १२ चा असो की २४ चा. म्हणून एनपीएनचा स्विच करताना लोड कलेक्टरकडे आणि एमिटर थेट ग्राउंडला.

९. बेसला काहीच जोडलं नाही तरी बोट लावल्यावर एलईडी मिणमिणतो. ट्रान्झिस्टर खराब आहे का?

नाही, उलट तो ठणठणीत असल्याची खूण आहे. अंगातून गळणारा एखादा मायक्रोॲम्पिअरही बीटाने गुणला जातो आणि एलईडीला तेवढं दिसण्यापुरतं पुरतं. पण प्रत्यक्ष सर्किटमध्ये बेस असा लोंबकळत ठेवू नये. बेस आणि एमिटरमध्ये १० ते १०० किलोओहमचा रेझिस्टर लावला की ही गळती त्यातून निघून जाते आणि बंद म्हणजे खरंच बंद राहतो.

१०. ॲम्प्लिफायरला बायस कशाला लागतो? माइकचा सिग्नल थेट बेसला का नाही द्यायचा?

माइकमधून येतात काही मिलिव्होल्ट, आणि बेस-एमिटरचा डायोड उघडायला सुमारे ०.६ व्होल्ट लागतात. सिग्नल थेट दिला तर ट्रान्झिस्टर बंदच राहतो. शिवाय सिग्नल शून्याच्या खालीही जातो, त्या अर्ध्या भागाचं काय? म्हणून आधी बेसमध्ये एक ठरावीक करंट सोडून कलेक्टर मधोमध आणून ठेवायचा. प्रश्न ४ च्या तक्त्यात ही जागा २० मायक्रोॲम्पिअरची, म्हणजे कलेक्टरवर ५ व्होल्ट. आता सिग्नलने बेसचा करंट १५ ते २५ च्या मध्ये हलवला तर कलेक्टर ६ ते ४ व्होल्टमध्ये हलतो, वरही जागा आहे आणि खालीही.

याच आकड्यांत आणखी एका नेहमीच्या शंकेचं उत्तर आहे: आउटपुट उलटा का येतो? बेसचा करंट वाढला की रेझिस्टरवर जास्त व्होल्टेज पडतं आणि कलेक्टर खाली येतो.

११. करंट गेन २०० आहे, म्हणजे व्होल्टेज गेनही २०० ना?

नाही. हे दोन वेगळे आकडे आहेत. बेसवरच्या व्होल्टेजमध्ये अगदी लहान बदल झाला तर कलेक्टरचा करंट किती बदलतो, हे खोलीच्या तापमानाला I_C भागिले २५ मिलिव्होल्ट इतकं असतं. त्याला कलेक्टरच्या रेझिस्टरने गुणलं की व्होल्टेज गेन.

```
A_V = − (I_C × R_C) / 25 mV = − 4 V / 25 mV = − 160
```

यात बीटा कुठेच नाही. रेझिस्टरवर पडलेले व्होल्ट मोजा, ०.०२५ ने भागा, गेन तयार. मात्र पुढे काही जोडलेलं नसतानाचा हा आकडा आहे, आणि इनपुट काही मिलिव्होल्टच्या पुढे गेला की आउटपुटचा आकार बिघडायला लागतो.

बीटा दिसतो तो इनपुटच्या रोधात. वरच्या सर्किटमध्ये तो २०० × ६.२५, म्हणजे १२५० ओहम. बीटा जास्त असेल तर ॲम्प्लिफायर माइककडून कमी करंट मागतो आणि माइकचा सिग्नल कमी दबतो.

१२. ट्रान्झिस्टर बदलला आणि ॲम्प्लिफायरचा आवाज फाटायला लागला. रेझिस्टर तर तेच आहेत!

बायस एकाच रेझिस्टरने दिला असेल तर हे होणारच. प्रश्न ४ च्या सर्किटला ९ व्होल्टपासून बेसपर्यंत ४३० किलोओहम लावले की बेसला १९.३ मायक्रोॲम्पिअर मिळतात. बीटा २०० असेल तर कलेक्टर ५.१ व्होल्टवर, अगदी हवा तिथे. आता बीटा ४०० चा ट्रान्झिस्टर लावा: करंट ७.७ मिलिॲम्पिअर, कलेक्टर १.३ व्होल्टवर. खाली जागाच उरली नाही, सिग्नलचा खालचा भाग कापला जातो.

रेझिस्टर बदलून नव्या ट्रान्झिस्टरशी जुळवून घेता येतं, पण तो तापला की बीटा पुन्हा वाढतो. खरा उपाय म्हणजे बीटाला महत्त्वच राहू न देणं. ९ व्होल्टपासून बेसला ३९ किलोओहम, बेसपासून ग्राउंडला १० किलोओहम, एमिटरला ४७० ओहम आणि कलेक्टरला १.८ किलोओहम लावा. दोन रेझिस्टर मिळून बेसचं व्होल्टेज जवळजवळ पक्कं धरतात. करंट वाढू लागला तर एमिटरच्या रेझिस्टरवरचं व्होल्टेज वाढतं, बेस-एमिटरमधला फरक कमी होतो आणि करंट आपोआप आवरला जातो. हिशेब केला तर बीटा २०० ला कलेक्टरचा करंट २.२ मिलिॲम्पिअर येतो आणि बीटा ४०० ला २.३. बीटा दुप्पट होऊनही कलेक्टर ५ व्होल्टवरून ४.८ वर, बस.

याची किंमतही आहे. एमिटरचा रेझिस्टर सिग्नललाही आवरतो, त्यामुळे गेन साधारण १८०० भागिले ४७०, म्हणजे चारच्या खाली येतो. त्या रेझिस्टरला समांतर मोठा कपॅसिटर लावला की सिग्नलला वाट मिळते, गेन पुन्हा प्रश्न ११ मधल्या सूत्राप्रमाणे येतो आणि बायस जागचा हलत नाही.

१३. मल्टिमीटरवर hFE २८७ दाखवतो. गणितात हाच आकडा वापरू का?

hFE म्हणजे स्थिर करंटसाठीचा बीटाच. पण मीटर तो स्वतःच्या एका ठरावीक, लहान करंटला मोजतो. कलेक्टरचा करंट मर्यादेच्या जवळ गेला की बीटा घसरतो, आणि तापमानानेही बदलतो. ट्रान्झिस्टरला बोटांनी दाबून धरा, आकडा हळूहळू वर चढताना दिसेल. दोन ट्रान्झिस्टर जुळवून घ्यायचे असतील तर हे माप उपयोगी, स्विचच्या हिशेबात नाही.

१४. कलेक्टर आणि एमिटर चुकून उलट लावले, तरी एलईडी लागला! मग फरक काय?

दोन्हीकडे एन थर आहे, म्हणून ट्रान्झिस्टर उलटाही थोडाफार चालतो. पण एमिटरमध्ये अशुद्धी मुद्दाम खूप जास्त घातलेली असते आणि कलेक्टरचा विस्तार मोठा ठेवलेला असतो. उलट लावल्यावर ही सगळी रचना विरुद्ध जाते आणि बीटा शेकड्यांवरून फार खाली येतो. बेसला भरपूर करंट असेल तर एलईडी लागतो आणि चूक लपून राहते. दुसरा धोका व्होल्टेजचा आहे: बेस-एमिटर जोड उलट दिशेने फक्त ६ व्होल्टपर्यंतच सुरक्षित आहे, आणि १२ व्होल्टच्या रिलेच्या सर्किटमध्ये ती मर्यादा ओलांडली जाते.

बीसी५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली ठेवले तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम असतो. प्लॅस्टिकच्या २२२२ मालिकेत तो बहुधा याच्या उलट असतो, त्यामुळे एकाच्या जागी दुसरा लावताना ही गडबड होते. शंका आली तर मीटरच्या hFE खाचेत दोन्ही बाजूंनी घालून बघा. ज्या बाजूने आकडा शेकड्यात येतो ती बरोबर.